बेचाळीस रुपयांचा पुरावा

क्रेडिट कार्डाच्या बाबतीत मी स्वतःला सॉल्लिड शहाणी समजायचे. बिल आलं की ड्यू डेटच्या आधी भरायचं, कॅश काढायची नाही, मिनिमम ड्यूच्या वाटेला जायचं नाही. कॉलेजपासून पाठ असलेली ही तीन सूत्रं. मैत्रिणींना ज्ञान द्यायलाही मी पुढे. त्यामुळे २०२४ च्या मार्चमध्ये बिलावर एक अनोळखी ओळ दिसली तेव्हा मला टेन्शन आलं नाही, राग आला. आणि रागाच्या भरात मी जे केलं, ते माझ्या पाठ सूत्रांमध्ये कुठेच बसत नव्हतं.

ती ओळ होती ‘कार्ड प्रोटेक्शन प्लॅन, वार्षिक शुल्क’. ९९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११७९ रुपये. असला कुठलाही प्लॅन मी घेतलेला नव्हता. निदान मला आठवत तरी नव्हता.

बाकीचं बिल माझंच होतं. १८ फेब्रुवारीला घेतलेला लॅपटॉप ४०,००० रुपयांचा (जुन्याने एका कव्हर स्टोरीच्या आदल्या रात्री प्राण सोडला होता) आणि ३ मार्चला काढलेली ६,००० ची विमानाची तिकिटं. म्हणजे माझे ४६,००० आणि त्यांचे ११७९. बिल १२ मार्चचं, ड्यू डेट १ एप्रिल.

कस्टमर केअरला फोन केला. ‘आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है’ आणि सोबत बासरी… अठरा मिनिटं. मग एक गोड आवाज म्हणाला, ‘मॅडम, रिक्वेस्ट रेझ केलीये, रिव्हर्स होऊन जाईल.’ मी खूश. ३० मार्चला, ड्यू डेटच्या चक्क दोन दिवस आधी, मी ४६,००० भरले. जे घेतलं त्याचे पैसे दिले, जे घेतलं नाही त्याचे नाही दिले. हिशेब स्वच्छ, असं मला वाटलं.

एप्रिलचं बिल

१२ एप्रिलला पुढचं बिल आलं. ते ११७९ तसेच होते. मार्चच्या बिलानंतर मी फक्त एकदा, २० तारखेला, किराण्यासाठी ५,००० रुपयांना कार्ड वापरलं होतं, तेही होते. आणि मध्ये एक नवीन पाहुणा होता: ‘फायनान्स चार्जेस’, २२४८ रुपये. त्यावर जीएसटी ४०५. (पैसे मी राउंड करतेय, एखाद्या रुपयाचा फरक चालवून घ्या.)

म्हणजे ११७९ रुपये भरले नाहीत म्हणून २६५३ रुपयांचा भुर्दंड! हे कुठल्या गणितात बसतं?

नवरा म्हणाला, ‘अगं, सरळ चोरी आहे ही. एक रुपया भरू नकोस. येऊ देत कोर्टात.’ मलाही तेच हवं होतं. पण अडचण अशी होती, की आम्ही धायरीला एक वन बीएचके बघून ठेवला होता. होम लोनचा अर्ज पुढच्या दोन महिन्यांत जाणार होता. त्याचा पगार दरमहा ठरलेल्या तारखेला येतो. माझं मानधन येतं तेव्हा येतं. माझ्यासारख्या फ्रीलान्सरकडे बँकेला दाखवायला सॅलरी स्लिप नसते. दाखवायला असतो तो फक्त स्वच्छ क्रेडिट रिपोर्ट. त्यावर एक जरी डाग पडला असता, तर धायरीचा तो पूर्वेकडच्या बाल्कनीवाला फ्लॅट दुसऱ्या कुणाचा तरी झाला असता.

म्हणून भांडायच्या आधी मी खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेले. काका एका सरकारी बँकेतून रिटायर झालेत. संध्याकाळी सात वाजता त्यांच्याकडे दूरदर्शनच्या बातम्या चालू असतात, त्या म्यूट करून त्यांनी माझी दोन्ही बिलं चष्म्याजवळ धरली.

‘तू ४६ हजार भरलेस, ठीक. पण बिल ४७,१७९ चं होतं ना?’

‘काका, पण ते ११७९ माझे नव्हतेच.’

‘नसतील. पण ते बँकेच्या वहीत होते. आणि बिनव्याजी मुदत ही सगळं बिल भरणाऱ्यालाच असते, बाळा. थोडंसं राहिलं तरी ती पूर्ण जाते. उरलेल्या रकमेपुरती नाही, पूर्ण.’

मग त्यांनी एक पाठकोरा कागद घेतला.

पाठकोऱ्या कागदावरचं गणित

माझ्या कार्डाचा दर होता महिना साडेतीन टक्के. ऐकायला किरकोळ. वर्षाचा ४२ टक्के! बँका तो रोजच्या हिशेबाने लावतात, आणि मुदत गेली की मोजणी ड्यू डेटपासून सुरू होत नाही. ती खरेदीच्या दिवसापासून सुरू होते. इथे माझ्यासारखे शहाणे आपटतात.

लॅपटॉपचे ४०,०००. वर्षाचं व्याज १६,८००, म्हणजे दिवसाला ४६ रुपये. १८ फेब्रुवारी ते ३० मार्च ४१ दिवस (२०२४ हे लीप वर्ष). झाले १८८७ रुपये. तिकिटांचे ६,०००, ३ मार्च ते ३० मार्च, २७ दिवस, १८६ रुपये. आणि किराण्याचे ५,००० तर नव्या महिन्यातले, त्यांचं बिलसुद्धा आलं नव्हतं. पण मागचं काही बाकी असलं की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. २० मार्च ते १२ एप्रिल, २३ दिवस, १३२ रुपये.

काकांनी बेरीज केली. २२०६.

‘बिलात किती लावलेत?’

‘२२४८.’

‘मग हे वरचे ४२ कुठून आले?’

मी म्हटलं, ‘काका, जाऊ द्या ना, ४२ रुपये आहेत.’ काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या काउंटरवर बंडलात एक नोट कमी दिली होती. बँकवाल्या माणसाला दोन हजार गेल्याचं वाटत नाही एवढं बेचाळीस जुळत नसल्याचं वाटतं. त्यांनी ११७९ ला ४२ टक्क्यांनी गुणलं, ३६५ ने भागलं आणि ३१ दिवसांनी, १२ मार्च ते १२ एप्रिल, पुन्हा गुणलं.

४२ रुपये. अगदी काटेकोर.

‘हे बघ,’ काका म्हणाले. ‘यांनी न भरलेल्या चार्जवरसुद्धा व्याज लावलंय. खरेदीवरच्या व्याजाबद्दल ते वाद घालू शकतात. पण हे चालत नाही.’

खरंच चालत नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये क्रेडिट आणि डेबिट कार्डांबाबत जे निर्देश काढले, त्यात साफ म्हटलं होतं, की न भरलेले चार्जेस आणि कर मुद्दलात मिसळून त्यांच्यावर व्याज लावायचं नाही. बाकीचे बरेच नियम जुलै २०२२ पासून लागू झाले, हा मात्र बँकांना तयारीला वेळ देऊन १ ऑक्टोबर २०२२ पासून. माझं बिल त्यानंतर दीड वर्षाने आलेलं. ज्या ४२ रुपयांवर मी पाणी सोडायला निघाले होते, तोच माझ्याकडचा सगळ्यात पक्का पुरावा होता.

आधी पैसे, मग भांडण

‘आता हे ८,८३१ पूर्ण भर,’ काका म्हणाले.

‘का-का!’

‘भर. आणि भरताना लेखी कळव, की हे तक्रार कायम ठेवून भरतेय. नाहीतर तुझं मीटर चालूच राहील. भांडण तीन महिने चाललं तर तीन महिने प्रत्येक किराण्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. आणि नवऱ्याचं ऐकून काहीच भरलं नाहीस, तर ड्यू डेटनंतर तीन दिवस उलटले की लेट फी लावायला आणि क्रेडिट ब्युरोला ‘थकबाकीदार’ म्हणून कळवायला ते मोकळे. मग धायरी विसर.’

कार्डाच्या वादात लोकांचा एक कॉमन गैरसमज असतो, माझाही होता: आपण ‘डिस्प्यूट’ म्हटलं की ती रक्कम आपोआप गोठते. निर्देशांत तशी सूट होती ती फ्रॉडसाठी. व्यवहार फ्रॉड आहे अशी तक्रार केलीत, तर निकाल लागेपर्यंत त्यावर चार्जेस लावायचे नाहीत. पण बँकेने स्वतःच लावलेल्या शुल्काचा वाद हा फ्रॉड नव्हे. तिथे घड्याळ चालूच असतं. त्यामुळे खिशाला परवडत असेल तर पूर्ण भरायचं, आणि परत मागायचं. मनाला पटत नाही, पण गणिताला पटतं.

२५ एप्रिलला मी भरले. कार्ड ड्रॉवरमध्ये. आणि २६ तारखेला लिहायला बसले.

पत्र

मी पत्रकार, त्यामुळे माझा पहिला ड्राफ्ट म्हणजे जळजळीत लेख होता. ‘ग्राहकांची राजरोस लूट’ वगैरे. काकांनी तो वाचला आणि परत दिला. ‘लेख छान आहे. यात मागितलंय काय?’

काहीच नव्हतं मागितलेलं. फक्त ओरडले होते.

दुसरा ड्राफ्ट एका पानाचा झाला. वर कार्डाचे शेवटचे चार आकडे, दोन बिलांच्या तारखा, भरलेल्या रकमा आणि मार्चमधल्या फोनचा रिक्वेस्ट नंबर. खाली चार मागण्या, प्रत्येकीला क्रमांक. त्या इथे नीट सांगते, कारण तुम्हालाही याच लागतील.

पहिली मागणी संमतीच्या पुराव्याची. हा प्लॅन मी केव्हा, कुठल्या मार्गाने घेतला? सही केलेला फॉर्म, ओटीपीची नोंद किंवा फोनचं रेकॉर्डिंग, जे असेल ते द्या. कारण नियम असा होता, की कार्ड देताना जो चार्ज स्पष्ट सांगितला नव्हता, तो ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येणार नाही. ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत’ ही संमती नव्हे. सोबत मी मला कार्ड मिळालं तेव्हाच्या मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्सची प्रत मागितली. आजची नाही, तेव्हाची. वेबसाइटवर आजची असते आणि बँका उत्तर देताना तीच जोडतात. पुढे चार्जेस वाढवायचे असतील तर निदान एक महिना आधी नोटीस द्यावी लागते, म्हणून मध्ये काही बदललं असेल तर त्या नोटिशीची प्रतही मागितली.

दुसरी मागणी व्याजाच्या तपशिलाची. २२४८ हा आकडा नको, त्याच्या मागची बेरीज हवी. कुठल्या खरेदीवर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या वार्षिक दराने. ही एक मागणी केली की समोरच्याला कॅल्क्युलेटर घ्यावाच लागतो. माझ्या पाठकोऱ्या कागदावरचा हिशेब मी टाइप करून सोबत जोडला.

तिसरी मागणी ४२ रुपयांची. न भरलेल्या शुल्कावर आणि करावर व्याज लावलंय की नाही, हो किंवा नाही असं लेखी सांगा. लावलं असेल तर जीएसटीसकट परत करा.

चौथी मागणी उलटवण्याची. शुल्क चुकीचं ठरलं, तर त्याच्यामुळे लागलेलं सगळं व्याजही परत हवं, कारण ते शुल्क नसतं तर मार्चचं बिल ४६,००० च असतं आणि मी ते मुदतीत पूर्ण भरलेलं होतं. शिवाय या वादापोटी क्रेडिट ब्युरोकडे माझ्याविरुद्ध काही कळवलेलं नाही, याची लेखी खात्री.

शेवटी एक वाक्य: बिलाला हरकत घेतल्यावर तक्रारीच्या तारखेपासून जास्तीत जास्त ३० दिवसांत स्पष्टीकरण आणि लागू असेल तिथे कागदोपत्री पुरावा देणं बंधनकारक आहे, तेव्हा उत्तर त्या मुदतीत आणि लेखी द्यावं, फोनवर नको.

हे पत्र मी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवर पाठवलं. तो पत्ता बिलाच्या मागच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत असतो. ॲपमधूनही तीच तक्रार टाकली, म्हणजे नंबर मिळाला. स्क्रीनशॉट काढला. आता तीस दिवसांची मोजणी सुरू झाली होती आणि या वेळी ती माझ्या बाजूने होती.

‘हं… हं…’

आठव्या दिवशी, ४ मे रोजी, उत्तर आलं. ‘आपण ९ फेब्रुवारी रोजी दूरध्वनीवर संमती दिल्यानुसार शुल्क आकारण्यात आले आहे. व्याज नियमांनुसार आहे.’ विषय संपला.

९ फेब्रुवारी? मला घाम फुटला. कारण आता आठवायला लागलं. रिक्षात होते, कर्वे रोडवर, एका इंटरव्ह्यूला उशीर झालेला. कुणीतरी फोनवर भडाभडा बोलत होतं, ‘मॅडम, तुमच्या कार्डावर फ्री प्रोटेक्शन ॲक्टिव्हेट होतंय…’ आणि मी नक्की काय म्हणाले होते? हो म्हणाले असले तर? मी असल्या फोनवर हो-हो करून ठेवून देणारी बाई आहे. दोन दिवस मी पुढचा ईमेल लिहिलाच नाही. आपलीच चूक निघाली तर, या भीतीने.

काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘हो म्हणाली असशील तर तुझी बाजू लंगडी. नसशील तर त्यांची. पण तू अंदाज कशाला करतेस? रेकॉर्डिंग माग.’

मागितलं. त्याच तक्रार क्रमांकावर, एका ओळीत. २२ मे रोजी ऑडिओ फाइल आली. मी, नवरा आणि काका, तिघांनी डायनिंग टेबलाभोवती बसून ऐकली. मागे रिक्षाची घरघर. ती मुलगी: ‘तीस दिवस फ्री आहे मॅडम, आवडलं नाही तर कॅन्सल करू शकता, ओके मॅडम?’ आणि माझा आवाज: ‘हं… हं… डिटेल्स मेल करा ना, बघते.’ ती: ‘थँक्यू मॅडम.’ कट.

९९९ हा आकडा तिने उच्चारलाच नव्हता. आणि मी ‘बघते’ म्हणाले होते. मराठी माणसाचं ‘बघते’ म्हणजे काय, हे मी बँकेला समजावून सांगावं की काय!

त्याच ईमेलमध्ये बँकेने अर्धी माघार घेतली होती. ‘सद्भावना म्हणून’ प्लॅनचे ११७९ आणि त्यावरच्या व्याजाचे ४२, अधिक जीएसटी, असे १२२८ रुपये परत. म्हणजे ४२ चा हिशेब त्यांनाही पटला होता. मात्र खरेदीवरचं २२०६ रुपये व्याज ‘देय तारखेस बाकी शिल्लक असल्याने’ कायम. मधल्या काळात १२ मेच्या बिलात आणखी ८८ रुपये लागले होते. किराण्याच्या ५,००० वर १२ ते २५ एप्रिल या तेरा दिवसांचं व्याज आणि त्यावर जीएसटी. सगळं भरल्यानंतरही पुढच्या बिलात अशी एक शेपटी येते, कारण बिल निघाल्यापासून तुम्ही भरेपर्यंतचे दिवस मोजायचे राहिलेले असतात. ती दिसली की घाबरू नका. पण ती किती दिवसांची आहे ते मोजा.

नवरा म्हणाला, ‘बाराशे मिळाले ना, सोड आता.’ मी सोडलं असतंही. पण मला एक गोष्ट खुपत होती. ज्या बाकीमुळे व्याज लागलं, ती बाकीच चुकीची होती, हे परतफेड करून त्यांनी मान्य केलं होतं. मग तिची पिल्लं कशी काय खरी?

लोकपालाच्या दारात

३ जूनला मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ऑम्बुड्समनकडे, तक्रार टाकली. cms.rbi.org.in वर. तेव्हा २०२१ ची एकात्मिक लोकपाल योजना लागू होती. फी नाही, वकील नाही. अट एकच महत्त्वाची: आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली हवी, आणि एकतर तीस दिवसांत उत्तर नको किंवा आलेलं उत्तर तुम्हाला अमान्य हवं. थेट तिथे जाणाऱ्यांच्या तक्रारी इथेच गळतात. माझ्याकडे पत्र होतं, तारीख होती, नंबर होता, अर्धवट नकार होता. फॉर्म भरायला चहाचा एक कप पुरला.

त्यात मी एकच मुद्दा लिहिला: शुल्क परत केलं, म्हणजे मार्चची बाकी शून्य, म्हणजे बिनव्याजी मुदत शाबूत. दर जास्त आहे, लूट आहे, असलं काही लिहिलं नाही.

ते बरंच झालं, असं नंतर कळलं. व्याजाच्या दरावर भांडण्याची वाट पुढे जवळपास बंदच झाली. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने म्हटलं होतं, की क्रेडिट कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सुप्रीम कोर्टात गेल्या, आणि सोळा वर्षांनी, २० डिसेंबर २०२४ रोजी, कोर्टाने आयोगाचा तो निकाल रद्द केला. दर ठरवणं हा बँकांचा आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेचा विषय, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे ‘४२ टक्के फार आहेत’ हे तुमचं म्हणणं कितीही खरं असलं, तरी त्यावर पैसे परत मिळवणं अवघड. ‘हे ४२ टक्के कशावर, कुठल्या दिवसापासून आणि कुठल्या संमतीने लावलेत, ते दाखवा’ हे म्हणणं मात्र कायम तुमच्या हातात.

११ जुलैला बँकेच्या नोडल अधिकाऱ्याचा फोन आला. या वेळी बासरी नव्हती. ‘मॅडम, उरलेली रक्कम रिव्हर्स करतोय, आपण तडजोड झाल्याचं कळवाल का?’ मी म्हटलं, ‘आधी लेखी पाठवा.’ (हे वाक्य आता माझ्या तोंडून दूधवाल्याशी बोलतानाही निघतं.) १५ जुलैला २,६९१ रुपये जमा झाले. आधीचे १२२८ धरून एकूण ३,९१९. क्रेडिट ब्युरोकडे काहीही प्रतिकूल कळवलेलं नाही, अशी एक ओळही आली. ती मी प्रिंट करून होम लोनच्या फायलीत लावून टाकली.

तुमची पाळी येईल तेव्हा

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगते. एक, ती ११७९ ची बाकी खरंच माझी असती, मी विसरून तेवढे कमी भरले असते, तर २२०६ रुपये व्याज मला भरावंच लागलं असतं. छोट्या बाकीवर मोठं व्याज हे अन्यायकारक वाटतं, पण अटींमध्ये ते उदाहरणासकट लिहिलेलं असतं. त्या वाचायच्या असतात, हे मला एकोणतिसाव्या वर्षी कळलं.

दोन, मी ज्या २०२२ च्या निर्देशांचा आधार घेतला, ते नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या बाकी शेकडो निर्देशांसोबत नव्या शीर्षकाखाली मांडले. लोकपाल योजनेच्याही आवृत्त्या बदलतात. तेव्हा माझं पत्र जसंच्या तसं कॉपी मारू नका. आरबीआयच्या साइटवर त्या दिवशीचा मजकूर बघा आणि मगच कलमाचा नंबर टाका. चुकीचा नंबर दिसला की समोरच्याला उत्तर टाळायला निमित्त मिळतं.

धायरीचा फ्लॅट झाला. पूर्वेकडच्या बाल्कनीत सकाळी मस्त ऊन येतं. वास्तुशांतीला काका आले तेव्हा त्यांनी पाकीट पुढे केलं. मी ‘काका, कशाला’ म्हणेपर्यंत काकू हसायला लागल्या. आत ४२ रुपये होते, कोऱ्या नोटा आणि नाणी, आणि काकांच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी: ‘मोजून घेणे.’

मी मोजले.